मॅडमना आडवळण, मित्राला नोटीस, ज्युनिअरला धाक

पत्र

मी सहा महिन्यांपूर्वी टीम लीड झाले. एका शुक्रवारी दुपारी बारापर्यंत क्लायंटला नऊ तक्त्यांचा अहवाल द्यायचा होता. बुधवारी संध्याकाळी लक्षात आलं, की तक्ता ४ आणि ७ मध्ये मागच्या महिन्याचे दर वापरले गेलेत. मी लगेच तिघांना लिहिलं.

मॅडमना: "नमस्कार मॅडम. गेले दोन आठवडे सर्व टीमने अहवालावर खूप मेहनत घेतली आहे. बहुतेक काम समाधानकारक झाले आहे. काही ठिकाणी दरांबाबत थोडी तफावत आढळली असून त्यावर काम चालू आहे. शक्य झाल्यास आपले मार्गदर्शन मिळाल्यास बरे होईल."

तपासणी टीमच्या लीडला (माझा चांगला मित्र), मॅडमना कॉपीत ठेवून: "कृपया नोंद घ्यावी की तक्ता ४ व ७ तपासणीसाठी शुक्रवारी उपलब्ध होतील. त्यानुसार नियोजन करावे."

ज्याने तक्ते केले त्या ज्युनिअरला: "४ आणि ७ मध्ये दर चुकलेत. उद्या सकाळी बोलू."

मॅडम शुक्रवारी सकाळी म्हणाल्या, "हे मला आत्ता कळतंय?" मित्राने "नोंद घेतली" एवढंच उत्तर दिलं आणि तेव्हापासून कामापुरतंच बोलतो. ज्युनिअरने रात्रभर बसून सगळेच्या सगळे नऊ तक्ते बदलले, त्यामुळे तपासणी पहिल्यापासून करावी लागली. अहवाल मंगळवारी गेला. मी तिघांशीही नम्रपणेच वागले होते. चुकलं कुठे?

उत्तर

तुमचे तिन्ही मेसेज मी मोठ्याने वाचून पाहिले. सगळ्यात आधी लांबी डोळ्यांत भरली. ज्यांच्याकडे वेळ सगळ्यात कमी, त्या मॅडमना सगळ्यात लांब मेसेज. ज्याला परिस्थितीची माहिती सगळ्यात कमी, त्या मुलाला जेमतेम दोन वाक्यं. हे तुम्हीच करता असं नाही. माणूस वर लिहिताना शब्द वाढवतो आणि खाली लिहिताना तोडतो, आणि दोन्हीकडे नेमकं उलट हवं असतं.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोन भाषा-अभ्यासकांनी १९७८मध्ये मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो. समोरच्याशी किती आडवळणाने बोलायचं, हे माणूस तीन गोष्टींवरून ठरवतो असं ते म्हणतात: समोरच्याची आपल्यावर सत्ता किती, आपल्यात अंतर किती, आणि आपण मागतोय ते किती जड आहे. मॅडमची सत्ता मोठी आणि बातमी जड, म्हणून तुमच्या हातून आपोआप पाच वाक्यांचं आडवळण झालं. ज्युनिअरची सत्ता शून्य, म्हणून सगळी वेष्टनं गळून पडली. पण लोक काय करतात याचं हे वर्णन आहे. त्याने काम होतं की नाही, हा प्रश्न वेगळा.

मॅडमच्या मेसेजातले मऊ शब्द मोजा: काही ठिकाणी, थोडी, शक्य झाल्यास, मिळाल्यास, बरे होईल. एकेकटा शब्द निरुपद्रवी आहे. पाच मिळून मात्र त्यांनी बातमीच पुसून टाकली. शिवाय "तफावत आढळली असून त्यावर काम चालू आहे" या वाक्यात माणूसच नाही. कोणाला आढळली, कोण काम करतंय, कधी संपणार, काहीच नाही. सरकारी परिपत्रकांतून आपल्या हाताला लागलेली ही "असून"ची सवय वर लिहिताना फार घात करते, कारण तिच्यात अडचण आणि उपाय एकाच दमात उरकले जातात. वाचणाऱ्याला वाटतं, चालू आहे ना काम, मग ठीक.

मऊ शब्दांची किंमत किती होऊ शकते, याचं विमानवाहतुकीतलं एक उदाहरण बरेचदा दिलं जातं. २५ जानेवारी १९९० रोजी आव्हियांका कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान खराब हवेमुळे न्यूयॉर्कजवळ एक तासाहून अधिक काळ घिरट्या घालत होतं. उतरण्याचा एक प्रयत्न फसल्यावर सहवैमानिकाने नियंत्रकाला इंधन संपत आल्याचं सांगितलं, पण बोलण्याच्या ओघात. आणीबाणी जाहीर करण्याचा जो ठरलेला शब्द असतो, तो कॉकपिटमधून एकदाही गेला नाही. विमान पडलं आणि १५८ पैकी ७३ जण गेले. नियंत्रक काही त्या सहवैमानिकाचा साहेब नव्हता आणि अपघाताला इतरही कारणं होती. पण इंधनाबद्दलची कुरबूर नियंत्रकाच्या कानाला नवी नसते. तसंच "थोडी तफावत" हे मॅडमच्या कानाला नवं नाही. दर महिन्याला त्यांना तसे दहा मेसेज येत असतील. तुमचा अकरावा वेगळा आहे, हे त्यांनी कशावरून ओळखावं?

मी नोकरीला नवा असताना एका वरिष्ठांना लिहिलं होतं, "जमल्यास कराराचा मसुदा एकदा नजरेखालून घालावा." मुदत दुसऱ्या दिवशीची होती. त्यांना जमलं नाही. मी चिडलो तेव्हा त्यांनी माझीच चिठ्ठी पुढे केली आणि "जमल्यास"वर बोट ठेवलं. काय बोलणार?

तर मॅडमना असं लिहायला हवं होतं:

"मॅडम, शुक्रवारी दुपारी बाराला नऊपैकी सातच तक्ते देता येतील. ४ आणि ७ मध्ये आमच्याकडून मागच्या महिन्याचे दर लागले. ते उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त होतील, पण तपासून व्हायला शुक्रवारची संध्याकाळ उजाडेल. सात तक्ते शुक्रवारी आणि दोन सोमवारी सकाळी देता येतील, किंवा नऊही सोमवारी एकदम. मला पहिला मार्ग बरा वाटतो, निदान सात तक्त्यांवर त्यांचं काम सुरू होईल. उद्या दुपारी बारापर्यंत तुमचा निर्णय कळला, तर क्लायंटला एक दिवस आधी सांगता येईल."

यात "कृपया" नाही, "आपले मार्गदर्शन" नाही, तरी उद्धटपणा कुठे दिसतो का बघा. वरिष्ठाचा मान त्याचा निर्णय त्याच्याकडे ठेवण्यात असतो, आणि निर्णय घेता येईल इतकी माहिती वेळेत देण्यात. "मला पहिला मार्ग बरा वाटतो" हे वाक्य लिहिताना अनेकांचा हात थबकतो, लहान तोंडी मोठा घास वाटतो. पण शिफारस न करता नुसते पर्याय पुढे ठेवणं म्हणजे तुमच्या वाटणीचा विचार मॅडमवर ढकलणं. आणि पहिलं वाक्य मुद्दाम पहिलं आहे. फोनच्या पडद्यावर मेसेज येतो तेव्हा वर सुरुवातीचे सात-आठ शब्दच दिसतात. तुमच्या मेसेजातून त्यांना काय दिसलं असेल? "नमस्कार मॅडम. गेले दोन आठवडे सर्व टीमने..." म्हणजे आभाराचा किंवा कौतुकाचा मेसेज. सवडीने उघडायचा.

"आमच्याकडून" हा शब्दही मुद्दाम आहे. वर लिहिताना ज्युनिअरचं नाव घालायचं नाही. चूक टीमची, आणि टीम तुमची. मॅडमनी थेट विचारलं तर खोटं बोलू नका, पण आपण होऊन नाव पुढे करणं हे वाचणाऱ्याला अंग काढून घेतल्यासारखंच दिसतं.

आता तुमच्या मित्राकडे येऊ. "कृपया नोंद घ्यावी", "नियोजन करावे". रोज ज्याला "अरे" म्हणता त्याला हे? मराठीत "करावे" हा प्रकार गंमतीचा आहे. ऐकायला तो "करा"पेक्षा सौम्य वाटतो, पण त्याची खरी जागा सूचनाफलकावर: चपला बाहेर काढाव्यात, शांतता राखावी. सांगणारा कोण ते दिसत नाही, आणि ऐकणाऱ्याला नाही म्हणायची सोय नसते. "कृपया" त्यात आणखी भर घालतं, कारण ओळखीच्या माणसाशी बोलताना आपण "कृपया" म्हणतच नाही, "जरा" म्हणतो, "तेवढं" म्हणतो, "करशील का" म्हणतो. बरोबरीच्या माणसावर तुमचा अधिकार चालत नाही, तुमच्याकडे असते ती विनंती. तुम्ही विनंतीला हुकमाचे कपडे घातलेत आणि वर मॅडमना साक्षीदार म्हणून उभं केलंत. न विचारता वरिष्ठांना कॉपीत ठेवलेला पहिलाच मेसेज म्हणजे तक्रार, असंच बरोबरीचा माणूस वाचतो. तुमच्या मनात ते नसेलही. मेसेजाबरोबर मन जात नाही, त्याला इलाज नाही.

पण इथे सुरापेक्षा मोठी एक चूक आहे, ती क्रमाची. मॅडमना "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तपासून होईल" असं सांगायचं, तर आधी मित्राचा होकार लागतो. त्याचा शुक्रवार द्यायचा की नाही, ते त्याचं त्याने ठरवायचं. म्हणून पहिला मेसेज त्याला जायला हवा होता, एकट्याला, आणि खरं म्हणजे मेसेजही नाही, फोन. लिहायचंच तर असं:

"अरे, एक घोळ झालाय आणि तुझी मदत लागणार आहे. ४ आणि ७ मध्ये आमच्याकडून चुकीचे दर लागले. बाकीचे सात ठरल्याप्रमाणे उद्या सकाळी तुझ्याकडे येतील, हे दोन मात्र शुक्रवारी सकाळी येतील. म्हणजे शुक्रवारी तुझा एक माणूस दिवसभर यात अडकेल. जमेल का? नसेल जमत तर तपासणी सोमवारी करू आणि मी मॅडमना मंगळवार सांगते. त्यांना लिहायच्या आधी तुला विचारतेय."

यातलं कामाचं वाक्य "तुझा एक माणूस दिवसभर अडकेल" हे आहे. बरोबरीच्या माणसाकडे काही मागताना त्याला त्याचा भुर्दंड किती हे आपण होऊन सांगायचं. तो त्याला शोधायला लावला, की चिडतो. दुसरं, "नसेल जमत तर" याच्यापुढे खराखुरा पर्याय लिहिलेला आहे. नुसतं "जमेल का?" विचारलं तर नाही म्हणणं अवघड जातं. पर्याय दिसला की माणूस मोकळेपणाने हो म्हणतो. तो हो म्हणाला, की मग मॅडमच्या मेसेजाला त्याला कॉपीत घ्या. तेव्हा तीच कॉपी चुगली न राहता नोंद होते.

ज्युनिअरचं राहिलं. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटलं.

"दर चुकलेत. उद्या सकाळी बोलू." हेच दोन वाक्यांचं पत्र मॅडमनी तुम्हाला रात्री आठला पाठवलं असतं, तर तुम्ही झोपला असतात का? वरून आलेल्या मेसेजात जी माहिती नसते ती जागा रिकामी राहत नाही. वाचणारा ती भीतीने भरतो. चूक केवढी आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून त्याने ती सर्वात मोठी धरली. कुठे हात लावायचा नाही हे सांगितलं नाहीत, म्हणून त्याने नऊही तक्ते उघडले. कधीपर्यंत हे सांगितलं नाहीत, म्हणून त्याने "आत्ता" धरलं. त्याच्या जागी राहून बघितलं तर तो शहाण्यासारखाच वागला.

आणि "बोलू" हा शब्द. बरोबरीच्याला "उद्या बोलू" म्हणणं म्हणजे आजचं काम उद्यावर टाकणं. ज्युनिअरला म्हटलं तर ती तारीख पडते. कशाबद्दल बोलू हे त्याच ओळीत लिहिता येत नसेल, तर सकाळीच सांगावं, रात्री पाठवू नये.

मी हे असं लिहिलं असतं:

"तक्ता ४ आणि ७ मध्ये मागच्या महिन्याचे दर लागलेत. बाकीचे सात मी पाहिलेत, ते बरोबर आहेत, त्यांना हात लावू नकोस. हे दोन उद्या संध्याकाळी पाचपर्यंत दुरुस्त करायचेत. आज रात्री काही करायचं नाही. नव्या दरांची फाइल कुठे आहे ते सकाळी दहाला दाखवते. दर बदलल्याचं मला कळलं होतं, तुला सांगायचं माझ्याकडून राहिलं. तू दर कुठल्या फाइलमधून घेतले होतेस ते तेवढं कळव, म्हणजे पुढच्या महिन्यात ती जुनी फाइल कोणाच्याच हाती लागणार नाही."

"माझ्याकडून राहिलं" हे वाक्य खरं असेल तरच लिहा. तुम्ही सांगितलेलं असूनही तो विसरला असेल, तर उगाच उदारपणा दाखवू नका. तो त्याला कळतो आणि त्याला आणखी ओशाळं वाटतं.

यात "लावू नकोस", "करायचेत", "करायचं नाही" अशा सरळ आज्ञा आहेत. खाली लिहिताना आज्ञेला घाबरायचं कारण नाही, आज्ञेच्या मागचं कारण आणि तिची हद्द सोबत असली की झालं. उलट सौम्य बोलणंच इथे फसवं ठरतं. "जमलं तर ७ वा तक्ताही बघ जरा" हे तुमच्या मित्राला खरंच ऐच्छिक वाटेल. ज्युनिअरला ते वाटणार नाही, कारण वरून आलेल्या "जमलं तर"मधला "जमलं तर" त्याला ऐकू येत नाही. एखादी गोष्ट खरोखर ऐच्छिक असेल तर "हे या आठवड्यात नाही झालं तरी चालेल" असं उघड लिहावं लागतं. वर पाठवलेला इशारा वाटेत विरघळतो, खाली पाठवलेला फुगत जातो. शब्द तेच असतात.

"दर कुठल्या फाइलमधून घेतले होतेस" असं विचारलंय, "जुने दर का वापरलेस" असं नाही. समोर बसून हसत विचारलेला "का" हा प्रश्न असतो. लिहिलेला "का", आणि तोही वरून आलेला, आरोपपत्रासारखा वाचला जातो, आणि उत्तरादाखल माहितीऐवजी सफाई येते. "कुठून", "कधी", "कुठली" यांची उत्तरं मात्र सरळ मिळतात. तीच गत थट्टेची. "वा, मागचा महिना फारच आवडला वाटतं!" हे समोरासमोर चालून गेलं असतं. लिहिलेल्या मजकुरातला उपरोध किती जण ओळखतात यावर जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले होते. लिहिणाऱ्याला वाटत होतं त्यापेक्षा खूपच कमी वाचणाऱ्यांना तो कळला, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. तुमच्या डोक्यात तुमचा आवाज वाजत असतो, वाचणाऱ्याच्या डोक्यात तो नसतो. बरोबरीच्या मित्राचा गैरसमज झाला तर तो फोन करून शिव्या देईल. ज्युनिअर गप्प बसेल, आणि तुम्हाला कधी कळणारही नाही.

"तू" की "तुम्ही" हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण जाता जाता सांगतो. समोरासमोर जे म्हणता तेच लिहा. एरवी "तू" म्हणत असलेल्या मुलाला चुकीच्या दिवशी अचानक "आपण" लिहिलंत, तर त्या एका शब्दाने त्याला बाकी सगळं कळतं, तेही चुकीचं.

आता झालेलं निस्तरायचं कसं? मॅडमना पुन्हा सविस्तर खुलासा पाठवू नका. पुढचा अडचणीचा मेसेज वरच्या नमुन्यासारखा गेला की त्यांना फरक दिसेल. मित्राला मात्र लिहू नका, त्याच्या टेबलापाशी जा आणि दोनच वाक्यं बोला: तुला न विचारता तुझा शुक्रवार गृहीत धरला आणि मॅडमना कॉपीत घातलं, तसं करायला नको होतं. "पण" म्हणून तिसरं वाक्य जोडायचं नाही.

ज्युनिअरला सांगा, की रात्रभर बसायची गरज नव्हती आणि तसं वाटलं ते तुमच्या मेसेजमुळे. हे एकट्याला सांगा, ग्रुपवर नाही. मग त्याच्याबरोबर बसून त्याने बदललेल्या सात तक्त्यांची बुधवार संध्याकाळची प्रत आणि मंगळवारी गेलेली प्रत शेजारी लावून एकदा बघा. त्या रात्री थकलेल्या हाताने त्याने बरोबर असलेलं काय बदललं, ते अजून कोणी पाहिलेलं नसण्याची शक्यता आहे. तसं काही सापडलं तर मॅडमना त्याच दिवशी कळवा. पहिलं वाक्य: "मॅडम, मंगळवारी गेलेल्या अहवालात अमुक तक्त्यात अमुक आकडा चुकला आहे."